दीड टक्क्याचा प्रश्न: इंडेक्स फंड की ॲक्टिव्ह फंड?

पारिजात: माझे वय ३३ असून, व्यवस्थापक स्वतः मोठ्या कंपन्यांचे समभाग निवडतो अशा एका ॲक्टिव्ह लार्ज कॅप फंडाच्या रेग्युलर, म्हणजे वितरकामार्फत घेतलेल्या, प्लॅनमध्ये माझी दरमहा १०,००० रुपयांची एसआयपी सुरू आहे. त्या फंडाचा खर्च वर्षाला १.७ टक्के आहे, तर फक्त निर्देशांकाची नक्कल करणाऱ्या निफ्टी ५० इंडेक्स फंडाच्या डायरेक्ट, म्हणजे वितरकाविना घ्यायच्या, प्लॅनचा खर्च ०.२ टक्के दिसतो. बाजार ११-१२ टक्के देत असेल, तर दीड टक्क्याने असा काय मोठा फरक पडणार? पैसे २५ वर्षे काढायचे नाहीत.

ताळेबंद: दीड टक्का किरकोळ वाटतो, कारण आपण त्याची तुलना एका वर्षाच्या परताव्याशी करतो. वास्तविक हा खर्च नफ्यावर नव्हे, तर जमलेल्या संपूर्ण रकमेवर आकारला जातो, आणि बाजार पडलेल्या वर्षीही तो तसाच चालू राहतो. १० लाख रुपये एकरकमी गुंतवले आणि खर्च वजा करण्यापूर्वी समभागांनी वर्षाला ११ टक्के दिले असे धरू. काहीच खर्च नसता, तर २५ वर्षांनी सुमारे १ कोटी ३६ लाख झाले असते. ०.२ टक्के खर्चाने ते १ कोटी २९ लाख होतात आणि १.७ टक्के खर्चाने साधारण साडेअठ्ठ्याऐंशी लाख. म्हणजे अंतिम रकमेपैकी ३५ टक्के खर्चात गेले. यात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की हे ३५ टक्के बाजाराच्या परताव्यावर अवलंबून नाहीत. बाजाराने ११ ऐवजी ७ टक्के दिले तरी वाटा तेवढाच जातो, कारण ०.९८३ ला स्वतःने २५ वेळा गुणले की ०.६५ च उरतात.

तुमची एसआयपी असल्यामुळे फटका थोडा सौम्य बसेल, कारण शेवटच्या हप्त्यांवर खर्च आकारायला वर्षेच थोडी मिळतात. त्याच ११ टक्क्यांनी २५ वर्षांत भरलेल्या ३० लाखांचे इंडेक्स फंडात सुमारे १ कोटी ४० लाख होतील आणि तुमच्या सध्याच्या फंडात सुमारे १ कोटी ८ लाख, अर्थात फंड व्यवस्थापकाने बाजाराइतकीच कामगिरी केली तर. ३२ लाखांची ही तूट भरून काढायची असेल, तर त्याला दरवर्षी, खर्चापूर्वी, निर्देशांकापेक्षा सुमारे दीड टक्का जास्त मिळवावा लागेल, आणि तेही सलग २५ वर्षे.

कोकणकडा: मला हे पटत नाही. माझ्या खात्याच्या उताऱ्यात आजवर एक रुपयाही खर्च म्हणून कापलेला दिसलेला नाही. सेबीने २००९ मध्ये गुंतवताना कापला जाणारा एंट्री लोड बंद केला, तेव्हापासून म्युच्युअल फंड फुकटच आहेत. फार तर वर्षाच्या आत पैसे काढले, तर एक्झिट लोड लागतो.

ताळेबंद: कोकणकडा, एंट्री लोड बंद झाला हे खरे, पण आपण बोलत आहोत तो खर्च त्याहून वेगळा आहे. तो तुमच्या खात्यातून नव्हे, तर फंडाच्या मालमत्तेतून रोज वजा होतो आणि उरलेल्या रकमेवर त्या दिवसाची एनएव्ही, म्हणजे एका युनिटची किंमत, निघते. १० लाखांवर १.७ टक्के म्हणजे दिवसाला सुमारे ४७ रुपये. तुम्हाला दिसते ती एनएव्ही ते ४७ रुपये गेल्यानंतरचीच असते, म्हणून उताऱ्यात वेगळी ओळ येत नाही. तरीही तुम्ही रेग्युलर प्लॅनमध्ये असाल, तर सहामाही एकत्रित विवरणपत्र काढून पाहा; वितरकाला मिळालेले कमिशन त्यात रुपयांत छापलेले असते.

वितरक_सातारा: मी स्वतः वितरक आहे, त्यामुळे माझा यात स्वार्थ आहे हे आधीच सांगतो. वरच्या हिशेबात गुंतवणूकदार २५ वर्षे शांत बसून राहील असे गृहीत धरले आहे. जानेवारी ते मार्च २०२० या काळात निफ्टी सुमारे ३८ टक्के कोसळला, तेव्हा माझ्या कित्येक ग्राहकांनी एसआयपी थांबवण्यासाठी, काहींनी तर सगळे विकण्यासाठी फोन केले. मी त्यांना थोपवले आणि बहुतेकांनी ऐकले. मोबाइलवर स्वतः डायरेक्ट प्लॅन घेणाऱ्याला थोपवायला कोण असते? तळाला सगळे विकणाऱ्याने एका महिन्यात जे गमावले, ते वाचवलेल्या खर्चातून भरून निघायला दहा-पंधरा वर्षे लागतील. खर्च मोजता येतो म्हणून तुम्ही तेवढाच मोजता. घाबरून केलेली विक्री कोणत्याच तक्त्यात दिसत नाही.

मंदाकिनी: वितरकांचा मुद्दा खोटा नाही, पण त्या सेवेची किंमत आकारण्याची रीत मला खटकते. कमिशन रकमेच्या टक्क्यात असते. खाते ५ लाखांचे असताना एक टक्का म्हणजे वर्षाला ५,००० रुपये झाले आणि तेवढे देणे रास्त आहे. तेच खाते ८० लाखांचे झाले की ८०,००० होतात. फोन मात्र तेवढेच, सल्लाही तोच. सेबीकडे नोंदणीकृत असलेले काही सल्लागार ठरावीक शुल्क घेतात. ज्यांना थोपवणारे माणूस हवे आहे, त्यांनी ते शुल्क वेगळे मोजून द्यावे आणि पैसे डायरेक्ट प्लॅनमध्ये ठेवावेत.

अर्थवेध: इथे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत असे मला वाटते. ताळेबंद यांचाच १० लाखांचा हिशेब पुढे नेऊ. १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक योजनेला डायरेक्ट प्लॅन आहे. त्याच ॲक्टिव्ह फंडाचा डायरेक्ट प्लॅन ०.७ टक्क्याने मिळत असेल, तर २५ वर्षांनी सुमारे १ कोटी १४ लाख होतात. म्हणजे ४० लाखांच्या तफावतीपैकी २५ लाख केवळ रेग्युलरमधून डायरेक्टमध्ये गेल्याने परत मिळतात, आणि इंडेक्सचा स्वतःचा लाभ १५ लाखांचाच उरतो. तेवढ्यासाठी व्यवस्थापकाला फक्त अर्ध्या टक्क्याने बाजारावर मात करायची आहे.

दुसरे असे की अर्थशास्त्रज्ञ विल्यम शार्प यांनी १९९१ मध्ये मांडलेला युक्तिवाद, की सर्व सक्रिय गुंतवणूकदार मिळून खर्चापूर्वी बाजाराइतकेच कमावतात आणि खर्चानंतर त्याहून कमी, तो अमेरिकेसाठी ठीक आहे. भारतात फंडांच्या समोर घाईने खरेदी-विक्री करणारे असंख्य किरकोळ गुंतवणूकदार असतात. ते हरतात तेव्हा फंड जिंकू शकतात. २००० च्या दशकात आपल्याकडच्या चांगल्या फंडांनी निर्देशांकाला सहज मागे टाकले होते, हा इतिहास आहे.

ताळेबंद: डायरेक्ट प्लॅनचा मुद्दा निर्विवाद आहे आणि पारिजात यांनी पहिले पाऊल तेच टाकावे. शार्प यांच्याबद्दलही तुमचे म्हणणे तर्काला धरून आहे: त्यांचे गणित सर्व सक्रिय गुंतवणूकदारांना मिळून लागू पडते, एकट्या म्युच्युअल फंडांना नव्हे. परंतु त्या सोनेरी इतिहासातला काही भाग मोजपट्टीमुळे फुगलेला होता. १ फेब्रुवारी २०१८ पर्यंत फंडांना आपली तुलना लाभांश न धरलेल्या निर्देशांकाशी करण्याची मुभा होती. फंडाला मात्र त्याच कंपन्यांचे लाभांश मिळत होते आणि ते एनएव्हीत जमाही होत होते. निफ्टीचा लाभांश वर्षाला साधारण सव्वा टक्क्याच्या आसपास धरला, तर काहीही न करता तेवढी सरशी आपोआप दिसत होती. त्या तारखेनंतर लाभांशही धरणाऱ्या टोटल रिटर्न इंडेक्सशी तुलना सक्तीची झाली आणि अनेक विजेते विजेते उरले नाहीत.

त्याच सुमारास, ऑक्टोबर २०१७ च्या परिपत्रकाने, लार्ज कॅप फंडाला किमान ८० टक्के रक्कम बाजारमूल्यानुसार पहिल्या १०० कंपन्यांतच ठेवण्याचे बंधन आले. त्याआधी लार्ज कॅप म्हणवणारे फंड गुपचूप मिड कॅप समभाग बाळगून परतावा वाढवीत असत. आता शंभर कंपन्यांच्या मैदानात, जिथे प्रत्येक कंपनीवर डझनावारी विश्लेषकांचा डोळा आहे, हरणारा शोधायचा कुठे?

आणखी एक सापळा म्हणजे आजच्या यादीत आज जिवंत असलेले फंडच दिसतात. कामगिरी खालावलेल्या योजना दुसऱ्या योजनेत विलीन केल्या जातात आणि त्यांचा इतिहास त्यांच्याबरोबर जातो. म्हणून ‘गेल्या १५ वर्षांत बहुतेक फंडांनी मात केली’ असे वाक्य कानावर आले, की १५ वर्षांपूर्वी किती फंड होते हे आधी विचारावे.

गोदाकाठ: माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. माझे रेग्युलर प्लॅनमध्ये आधीच २० लाख आहेत, त्यातला १२ लाख नफा आहे. इथले वाचून आज रात्रीच सगळे इंडेक्स फंडात वळवावे असे वाटू लागले आहे. वळवू का?

मंदाकिनी: गोदाकाठ, आज रात्री नको. रेग्युलरमधून डायरेक्टमध्ये किंवा दुसऱ्या फंडात वळवणे ही प्राप्तिकराच्या दृष्टीने विक्रीच आहे. वर्षाहून जुन्या युनिटांच्या नफ्यापैकी वर्षाला सव्वा लाखापर्यंत कर नाही, वरच्या रकमेवर साडेबारा टक्के आहे. १२ लाखांचा नफा एकाच वर्षात घेतलात, तर पावणेअकरा लाखांवर सेससह सुमारे १ लाख ४० हजार भरावे लागतील. हा कर कधीतरी द्यायचाच आहे, त्यामुळे सगळा तोटा म्हणून मोजू नये, पण आज भरलेले पैसे पुढे वाढणार नाहीत हे खरे. मी असे सुचवेन की जुनी एसआयपी थांबवून नवी डायरेक्ट प्लॅनमध्ये सुरू करावी, आणि जुन्यातून दर आर्थिक वर्षी सव्वा लाखाचा नफा निघेल इतकीच युनिटे वळवावीत. नफा मोठा आणि मुदत लांब असेल, तर अशा संथ गतीला बरीच वर्षे लागतील आणि तोवर जादा खर्च चालूच राहील. तेव्हा दोन-तीन वर्षे थोडा कर भरून काम उरकणेही चुकीचे नाही. ईएलएसएस हा करबचतीचा फंड असेल, तर पैसे न काढण्याची तीन वर्षांची मुदत प्रत्येक हप्त्यासाठी वेगळी मोजावी.

आणि इंडेक्स फंड निवडताना केवळ खर्चाचा आकडा पाहू नका. एकाच निफ्टी ५० चे फंड टोटल रिटर्न इंडेक्सपेक्षा प्रत्यक्षात किती मागे राहिले, हा ‘ट्रॅकिंग डिफरन्स’ पाहा. खर्च ०.२ टक्के असून फंड वर्षाला अर्धा टक्का मागे राहत असेल, तर रोकड पडून राहते आहे किंवा खरेदी-विक्री नीट होत नाही असे समजावे.

अर्थवेध: लार्ज कॅपपुरते मी मान्य करतो. मिड कॅप आणि स्मॉल कॅपमध्ये मात्र मी ॲक्टिव्हच ठेवणार आहे. तिथे विश्लेषक कमी असतात, आणि निर्देशांकातून बाहेर पडणारा समभाग इंडेक्स फंडाला ठरलेल्या दिवशी मिळेल त्या भावाला विकावा लागतो. माझ्या मिड कॅप फंडाने दहा वर्षे टोटल रिटर्न इंडेक्सलाही मागे टाकले आहे.

मंदाकिनी: तिथे संधी अधिक आहे, हे मलाही मान्य. अडचण ओळखण्याची आहे. समजा फंडाची निर्देशांकापेक्षा सरासरी सरशी २ टक्के आहे आणि ती दरवर्षी ५ टक्क्यांनी वरखाली होते. ही सरशी नशिबाची नाही असे सांख्यिकीच्या नेहमीच्या कसोटीवर म्हणायला सुमारे २५ वर्षांची आकडेवारी लागते. सरशी १ टक्का असेल, तर १०० वर्षांची. तोवर व्यवस्थापक निवृत्त झालेला असतो. तुमच्या दहा वर्षांत व्यवस्थापक किती वेळा बदलला?

अर्थवेध: एकदा, चार वर्षांपूर्वी. नव्या व्यवस्थापकाची चार वर्षेही चांगली गेली आहेत, पण तुमच्या हिशेबाने त्यावरून काहीच सिद्ध होत नाही, हे कळते. तरीही मी फंड सोडणार नाही.

वितरक_सातारा: पारिजातताई, एवढी चर्चा वाचून तुम्ही डायरेक्टमध्ये जाणार असाल, तर खुशाल जा. फक्त पुढच्या वेळी निफ्टी तीस टक्के खाली असेल तेव्हा एसआयपी सुरूच ठेवलीत का, ते इथे येऊन जरूर लिहा.

पारिजात: लिहीन. या महिन्यापासून नवा हप्ता निफ्टी ५० च्या डायरेक्ट प्लॅनमध्ये जाईल. जुन्या युनिटांचा नफा किती साचला आहे ते विवरणपत्र आल्यावर पाहते, मग त्यांचे ठरवेन.