लेखमालेचे भाग: क्रमानं वाचायला लावायचे की सुटे ठेवायचे?

गावकूस: सातबारा कसा वाचायचा यावर आठ भागांची लेखमाला लिहितोय. क्रम असा ठरवला: इतिहास, क्षेत्राची मापं, गाव नमुना 7, गाव नमुना 12, आठ-अ, फेरफार, वारस नोंद, चुकांची दुरुस्ती. तीन भाग टाकून झाले. पहिल्या भागाला जेवढे वाचक आले त्यांच्या निम्मेही तिसऱ्यापर्यंत टिकले नाहीत. मित्र म्हणतो क्रमांक काढून टाक, प्रत्येक लेख सुटा कर. मला वाटतं क्रमाशिवाय हा विषय कळणारच नाही. तुमचं काय मत?

दुपारचा_चहा: मित्राचं ऐका. ज्याच्या घरात कोणी वारलंय तो 'वारस नोंद' शोधत येणार आणि थेट सातव्या भागावर उतरणार. त्याला 'आधीचे सहा वाचून या' म्हटलं की तो गेलाच. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला मागचं सगळं तीनेकशे शब्दांत सांगून टाका, म्हणजे क्रमाची भानगडच उरत नाही.

ओसरी: तो थेट सातव्यावर उतरणार हे शंभर टक्के खरं. पण तीनशे शब्दांच्या उजळणीनं कोणाचंच भलं होत नाही. क्रमानं आलेला माणूस ती ओलांडून जातो आणि नव्याला ती डोक्यावरून जाते.

गावकूस, क्रम हवाच, पण तुमचा क्रम पुस्तकाच्या अनुक्रमणिकेसारखा झालाय. एका कागदावर आठही भागांची नावं लिहा आणि प्रत्येकापुढे एकच गोष्ट लिहा: हा कळायला वाचकाला आधी काय माहीत हवं? मी करून पाहिलं. वारस नोंदीला फेरफार माहीत हवा, कारण नाव चढतं ते फेरफारानंच. फेरफाराला नमुना 7 हवा, कारण फेरफाराचा क्रमांक तिथेच दिसतो. दुरुस्तीलाही फेरफार हवा. चूक फेरफारातच आहे की तो सातबाऱ्यावर उतरवताना झालीय, हे ओळखता आलं नाही तर जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली अर्ज करायचा की फेरफाराविरुद्ध अपील, हेच कळत नाही. आठ-अला खाते क्रमांक कळला की पुरे, आणि तो नमुना 7 वरच असतो. नमुना 12 वर मात्र पुढचं काहीच अवलंबून नाही. इतिहासावर तर नाहीच नाही.

म्हणजे सक्तीचा क्रम नमुना 7, फेरफार, वारस नोंद, दुरुस्ती एवढाच. आठ-अ आणि नमुना 12 या बाजूच्या फांद्या, नमुना 7 नंतर कधीही वाचा. तुम्ही मात्र ज्यांच्यावर काहीच अडत नाही असे दोन भाग दारात मांडून ठेवलेत. वाचक तिसऱ्याला गळला नाही, तो पहिल्या दोनांत दमला.

गावकूस: पण मापं आधी नको का सांगायला? 0.40.00 हा आकडा दिसला की लोक घाबरतात.

ओसरी: ते एका वाक्याचं काम आहे. 'मधला आकडा आर, म्हणजे हे 40 आर, एकराला अगदी थोडं कमी,' असं नमुना 7 मध्ये जिथे तो आकडा पहिल्यांदा येतो तिथेच सांगा. गुंठ्याचे 1089 चौरस फूट वगैरे सगळं एका वेगळ्या पानावर टाका, त्याला भाग क्रमांक देऊ नका. ज्याला लागेल तो जाईल.

आणि उजळणी करायची ती फक्त या भागात जे वापरणार आहात त्याची. वारस नोंदीची अशी होईल: 'सातबाऱ्यावर नाव बदलायचं तर आधी फेरफार नोंद घेतली जाते. हरकतीसाठी 15 दिवस असतात, आणि मंडळ अधिकाऱ्यानं नोंद प्रमाणित केल्यावरच नवं नाव चढतं. हे नवं वाटत असेल तर आधी फेरफाराचा भाग वाचा.' बास. नमुना 12 मध्ये पिकांचं काय पाहिलं ते इथे कशाला? घरातल्या कोणाला तरी उजळणी आणि त्याखालचा भाग एवढंच वाचायला द्या. जिथे तो 'म्हणजे?' विचारेल तो शब्द उजळणीत हवा होता.

खालची_आळी: विषय निघालाच आहे तर विचारतो. आमच्या सातबाऱ्यावर आजोबांनंतर वडील आणि काका आहेत, दोन आत्या नाहीतच. वारस नोंदीचा अर्ज आता कुठे द्यायचा?

ओसरी: वडिलांच्या नावाच्या ओळीत फे.फा. खाली कुठला क्रमांक आहे?

खालची_आळी: फेफा म्हणजे? मला फक्त वारस नोंदीचं हवंय.

ओसरी: दुपारचा चहा, हा बघा तुमचा थेट सातव्यावर उतरलेला वाचक.

दुपारचा_चहा: मग माझंच खरं झालं ना! तो आलाच की सातव्यावर.

ओसरी: आला, पण पहिल्याच पायरीला अडला. त्याला तीनशे शब्द नकोत, फेरफाराच्या भागाचा एक दुवा हवाय, आणि तो वाचून झाल्यावर परत इथे आणणारा दुसरा.

कानामात्रा: दुव्यांवरून सांगते, हात पोळलेत म्हणून. माझ्या बारा भागांच्या लेखमालेत पत्त्यातच भाग क्रमांक होता. नंतर चौथ्याच्या आधी एक भाग घुसवावा लागला. शीर्षकात 'भाग 5' आणि पत्त्यात `bhag-4`, असा तमाशा. म्हणून पत्ता विषयाचा ठेवा, क्रमांक फक्त शीर्षकात आणि अनुक्रमणिकेत:

```
/satbara/bhag-4/    (नको)
/satbara/ferfar/    (हवा)
```

पत्ता रोमन अक्षरांतच द्या. देवनागरी पत्ता व्हॉट्सॲपवर चिकटवला की अनेकदा `%E0%A4` ची आगगाडी होते, एकेका अक्षराला नऊ खुणा. वर्डप्रेसमध्ये तर तो साधारण 22 अक्षरांवर तुटतो, काना-मात्रा वेगळ्या मोजून.

लेखाच्या डोक्यावर एकच दुवा, अनुक्रमणिकेचा. मागचा-पुढचा तळाशी, आणि तिथे नुसतं 'पुढील भाग' नको, 'पुढे: फेरफार कसा वाचायचा' असं. जो भाग लिहिलाच नाही त्याचं नाव द्या, दुवा देऊ नका. नवा भाग आला की अनुक्रमणिका आणि दोन्ही शेजारी अशी तीन पानं उघडायची. मी दर वेळी एक विसरते.

दुपारचा_चहा: एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा सगळे भाग लिहून एकदम टाका की. क्रमशः ही साप्ताहिकांची गरज होती.

कानामात्रा: नाही पटत. ही लेखमाला माझी असती तर नमुना 7 वरच्या प्रतिक्रिया वाचून माझा फेरफाराचा भाग बदलला असता. एकदम टाकलं तर शिकायला जागाच नाही.

ओसरी: सक्तीचे चार हाताशी तयार ठेवून मग पहिला टाकावा, असं माझं मत. फांद्या नंतर फुटू देत.

गावकूस: चार तयार व्हायला दिवाळी उजाडेल, तोवर गप्प बसवणार नाही. नमुना 7 ला पहिला करतोय, मापं बाजूच्या पानावर. इतिहास काढणार नाही, त्यावर मेहनत घेतलीय. शेवटी टाकतो, कोणी वाचो न वाचो. टाकलेल्या भागांचे पत्ते बदलावे का, यावर अजून मन होत नाही. लोकांनी गावच्या ग्रुपवर पाठवलेत ते.

कानामात्रा: वर्डप्रेस असेल तर जुना पत्ता आपोआप नव्यावर जातो. दुसरं काही असेल तर हात लावू नका.

खालची_आळी: फेरफार क्रमांक सापडला. 1987 चा आहे. आत्यांची नावं 'इतर हक्क' मध्ये निघाली, इतकी वर्षं तो रकाना कोणी वाचलाच नव्हता. आता पुढचा भाग कुठला वाचू?

गावकूस: तो अजून लिहायचाय.