मदत हवी आहे: फोमच्या अक्षरांच्या कडा गुळगुळीत होत नाहीत

स्टेजसाठी ४ फुटी अक्षरं ५० मिमी जाडीच्या एक्सपीएस फोममधून गरम तारेने कापली आहेत. दर्शनी बाजू छान रंगली, पण कडांवर तारेच्या रेघा राहिल्यात आणि बाजूने दिवा पडला की त्याच दिसतात. तुकड्यावर स्प्रे पेंट मारून पाहिला तर फोम विरघळून खड्डे पडले, म्हणजे तो बाद. मग पांढरा गोंद पाण्यात कालवून दोन हात दिले. रेघा तशाच, आणि घासायला गेलं की गोंद रबरासारखा गोळा होतो.

'प' एका दांड्यावर डुलत होता, त्याला मागून प्लायची पट्टी आणि खाली रुंद पाट लावलाय. तो प्रश्न मिटला.

आता पाण्यात कालवायची अशी कुठली पुट्टी लावू, जी घासता येईल आणि अक्षर उचलताना कोपऱ्यावर तडकणार नाही?