आयडीएफ शार्डागणिक वेगळा: डीएफएस लावावा की शार्डच कमी करावेत?

साडीघर: आमच्या साइटवर Elasticsearch आहे. दोन शार्ड, प्रत्येकी हजार साड्या. ‘पैठणी’ शोधलं की शब्दन् शब्द सारखं वर्णन असलेल्या दोन साड्यांपैकी एक सर्वांत वर येते, दुसरी तिसऱ्या पानावर. स्कोअर जवळजवळ दुप्पट. असं का?

बॅकएंडवाली: डेटा कमी आहे म्हणून. प्रत्येक शार्ड शब्दाची दुर्मिळता आपल्यापुरतीच मोजतो. नोंदी वाढल्या की आकडे आपोआप जुळतात, काही करू नका.

जुना लुसीनकर: नोंदी शार्डांवर सरमिसळ पडत असतील तरच जुळतात. साडीघर, तुम्ही `routing` देता का? शोधात `"explain": true` लावा आणि दोन्ही साड्यांचे `n` व `N` बघा.

साडीघर: हो, विक्रेत्याच्या आयडीवर. येवल्याचा मोठा विक्रेता पूर्ण एकाच शार्डवर आहे. तिथे n = 60, दुसरीकडे 3. N दोन्हीकडे 1000.

जुना लुसीनकर: मग झालं तर. सूत्रात घाला:

```
ln(1 + (N - n + 0.5) / (n + 0.5))
n=3,  N=1000  → 5.66
n=60, N=1000  → 2.81
n=63, N=2000  → 3.45
```

तीनच पैठण्या असलेल्या शार्डला हा शब्द फार दुर्मिळ वाटतो, म्हणून तिथली साडी वर चढते. खरा आकडा तिसरा. `search_type=dfs_query_then_fetch` दिलं की आधी सगळ्या शार्डांकडून n आणि N गोळा होतात, मग सगळे एकाच मापाने मोजतात. फील्डची सरासरी लांबीही सगळ्यांची मिळून धरली जाते. राउटिंग असंच राहिलं, तर कितीही साड्या भरा, हा कल जाणार नाही.

रात्रपाळी: माझ्याकडे तर तोच शोध पुन्हा केला तरी क्रम बदलतो! डीएफएस लावूनही.

जुना लुसीनकर: तुमचं दुखणं निराळं. खोडलेल्या नोंदी सेगमेंट मर्ज होईपर्यंत मोजणीत राहतात आणि प्रत्येक प्रतीत मर्ज वेगळ्या वेळी होतो. शोध कधी या प्रतीकडे जातो, कधी त्या. `preference` मध्ये सत्राचा आयडी द्या, म्हणजे एका माणसाला सहसा तीच प्रत मिळेल.

बॅकएंडवाली: राउटिंगचं मान्य, ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. पण प्रत्येक शोधाला शार्डांकडे एक जास्तीची फेरी कशाला? दोन हजार साड्यांना एक शार्ड पुष्कळ होतो. Elasticsearch नेही 7.0 पासून मूळ संख्या पाचावरून एकावर आणली. `_shrink` करा, प्रश्नच मिटतो.

जुना लुसीनकर: आज मिटतो. उद्या दुसरा इंडेक्स जोडून दोन्हींत एकत्र शोधलं की तोच फरक परत येईल.

साडीघर: राउटिंग विक्रेत्यांच्या पानासाठी ठेवलं होतं, म्हणजे त्यांचा शोध एकाच शार्डवर जातो. पुढच्या वर्षी दोन लाख साड्या येणार आहेत. तेव्हाही एकच शार्ड चालेल?

बॅकएंडवाली: साड्यांची वर्णनं छोटी असतात, दोन लाखही एका शार्डला जड नाहीत.

जुना लुसीनकर: जड नाहीत, हे खरं. तरी मी आज डीएफएस लावून वेळ मोजेन. दोन शार्डांत फेरीचा भार जाणवला, तरच एकावर या.