शब्दचर्चा: 'टोस्ट रेज करणे' मराठीत कसं म्हणायचं? (लग्नाची पंचवीशी, अर्जंट आहे)

राजवाडा_इंदूर:
मंडळी नमस्कार. येत्या रविवारी आमच्या लग्नाला 25 वर्षं होतायत. हॉल बुक आहे, माणसं ऐंशीच्या आसपास, ग्वाल्हेरहून आत्या आणि बडोद्याहून सासरची मंडळी येऊन राहिली आहेत. चिरंजीव बंगळुरूला असतात, त्यांनी मला इंग्रजीत एक टोस्ट लिहून पाठवला की बाबा हे वाचा आणि मग आईला चांदीचं द्या. आता सासूबाई आणि आत्या समोर बसलेल्या असताना मी इंग्रजी काय झाडू, म्हणून मराठी केलं. ते असं:

"मंडळी, शुद्ध चांदीसारखं निर्मळ असं आमचं नातं आज पंचवीस वर्षांचं झालं. या प्रसंगी मी माझ्या पत्नीस हे चांदीचे पायजेब प्रदान करतो. चला, आपण सर्व तिच्या नावाने प्याले उंचावूया."

मेव्हण्याला वाचून दाखवलं तर तो हसून हसून पडला. म्हणे भाऊजी, संगीत नाटकातले महाराज वाटता, शिवाय पेल्यात काय तर शिकंजी. शेवटचं वाक्य नीट काय होईल तेवढं सांगा, बाकी ठीक आहे.

शुद्धमती:
बाकी ठीक नाहीये. 'प्रदान' पुरस्कार करतात, पदवी करतात. बायकोला करायला ती काय दीक्षांत समारंभाला आलीय? 'भेट देतो' म्हणा. आणि 'टोस्ट'ला मराठीत 'अभीष्टचिंतन' हा चांगला रुळलेला शब्द असताना ही कसरत कशाला? "आपण सर्व तिचे अभीष्टचिंतन करूया." झालं.

छप्पनभोगी:
अभीष्टचिंतन म्हटल्यावर कोण ग्लास उचलणार हो, लोक टाळ्या वाजवतील नाहीतर हात जोडतील. सरळ 'चिअर्स' म्हणा, इंदुरात पोरासोरांपासून आजोबांपर्यंत सगळ्यांना कळतं.

आणि टोस्ट हा शब्द मुळात खरंच पावाचाच आहे बरं का. पूर्वी तिकडे दारूत भाजलेल्या पावाचा तुकडा टाकायचे, विष असेल तर ते शोषून घ्यायला.

बडोदेकर_मावशी:
पावाचं बरोबर, विषाचं नाही. मसाला लावून भाजलेला तुकडा स्वाद यावा म्हणून टाकायचे. मग ज्या बाईच्या नावानं पेला उचलला जाई तिलाच टोस्ट म्हणायला लागले, म्हणजे पेल्याचा स्वाद वाढवणारी तीच, असं.

पण माझा मुद्दा वेगळाच आहे. भाऊ, 'तिच्या नावाने' कृपा करून काढा. मराठीत एखाद्याच्या नावानं पाणी सोडतात किंवा आंघोळ करतात, आणि दोन्हीचा अर्थ काय ते तुमच्या आत्यांना विचारा. भरल्या हॉलमध्ये बायकोच्या नावानं पेला वर करून प्यायलात तर सासूबाई जेवायच्या नाहीत.

राजवाडा_इंदूर:
अरे बाप रे. हे डोक्यातच आलं नव्हतं. मग 'तिच्या आरोग्यासाठी' करू का?

शुद्धमती:
म्हणजे बाई आजारी आहेत असं वाटेल. "तिला उदंड आयुष्य लाभो" म्हणा.

महूवाले_काका:
मी महूला मेसमध्ये नोकरी केली, रिटायर होईपर्यंत हेच बघितलं, म्हणून लिहितो. तुम्ही सगळे शब्द शोधताय पण अडचण शब्दाची नाहीये, वाक्यातल्या जागेची आहे. टोस्ट कसा होतो बघा. एक माणूस उभा राहतो, जे बोलायचं ते दोन-तीन मिनिटांत बोलतो, मग ग्लास उचलतो आणि अगदी शेवटी ज्याचा टोस्ट त्याचं नाव घेतो. ते नाव ऐकलं की सगळे उभे, सगळे तेच नाव म्हणतात आणि एक घोट घेतात. म्हणजे शेवटचं नाव हीच इशाऱ्याची घंटी. इंग्रजीत नाव आपोआप शेवटी येतं. आपल्याकडे क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे 'मंजिरीला (नाव उदाहरणादाखल) उदंड आयुष्य लाभो' यात नाव आधीच निघून गेलं, लोकांनी उचलायचं कधी? अर्धे आधी पितात, अर्धे नंतर, दोन-चार जण नुसतेच बघत बसतात. मराठी टोस्ट पडतो तो इथे.

आणखी एक, जिचा टोस्ट ती स्वतः पीत नाही आणि उठतही नाही. बसून हसायचं. ती पण ग्लास घेऊन उभी राहिली तर आपणच आपल्याला शाबासकी दिल्यासारखं होतं. नवऱ्यानं मात्र प्यायचं. आणि पाणी, सरबत काही चालतं, दारूच पाहिजे असं नाही.

छप्पनभोगी:
शिकंजीनं जमणार नाही पण. आमची इंदूरची शिकंजी दुधाची असते, घट्ट, मेव्याची, चमच्यानं खायची. पुणेकर लिंबूपाणी समजतील.

लष्कर_ग्वाल्हेर:
चांदी आणि पेला दोन्ही निघालंच आहे तर सांगतो. आमच्या जयविलास राजवाड्यात जेवणाच्या टेबलावर चांदीची छोटी रेल्वे आहे, रुळ टेबलावरच. तिच्यातून मद्य आणि सिगार पाहुण्यांसमोरून फिरायचे आणि कुणी सुरई उचलली की गाडी थांबायची. ठेवली की चालू. महूवाले काका म्हणतात ती घंटी अशी करता येईल.

सराफ्यात_दुकान:
मी दुकानात बसतो, शब्दांचं मला फार कळत नाही, पण 'शुद्ध चांदीसारखं नातं' हे खटकलं. भाऊ, शुद्ध चांदीचा पायजेब होतच नाही. शुद्ध चांदी इतकी मऊ की कडी वाकते, हुक उघडतो, चार दिवसांत पायातून गळून पडतो. म्हणून तांबं मिसळायचं. बिल बघा तुमचं, टंच किती लिहिलाय?

राजवाडा_इंदूर:
बिलावर वजन 140 ग्रॅम, टंच 80 आहे. फसवलं का मला? त्यानं तर तोंडी 'एकदम प्योर' सांगितलं होतं.

सराफ्यात_दुकान:
टंचात फसवलं नाही. बिलावर 80 असेल आणि भाव 80 चाच घेतला असेल तर हिशेब सरळ आहे, 140 ग्रॅममध्ये 112 ग्रॅम चांदी, बाकी तांबं वगैरे. पायजेबात कड्या, झाळ, घुंगरू सगळं आलं, रोज जमिनीला घासतो, त्याला थोडा कडकपणा लागतोच. 92.5 टंचाचाही मिळतो, नाजूक कामात चांगला दिसतो. फसवणूक तेव्हा, जेव्हा 80 चा माल देऊन भाव 92.5 चा लावतात. म्हणून हॉलमार्क बघायचा, त्यावर 800 की 925 ते असतं, आणि मीनाकारी किंवा खडे असतील तर त्यांचं वजन चांदीच्या भावानं मोजलं नाही ना, हे विचारायचं.

आता भाषणात खोटं कशाला बोलायचं? "थोडं तांबं मिसळलं म्हणून टिकलं" असं म्हणा की, लोक हसतील आणि खरंही आहे.

शुद्धमती:
बायकोला सर्वांसमोर भेसळ म्हणायचं? छान.

सराफ्यात_दुकान:
बायकोला कुठे म्हटलं, तांबं तर नवरा आहे.

बडोदेकर_मावशी:
🤣 हे घ्याच भाषणात.

बरं ते 'पायजेब' का लिहिलंय? मराठीत पैंजण म्हणा. आमच्याकडे जाड, पट्टीसारखे असले की तोरड्या. माझ्या आजीच्या तोरड्या अजून आहेत.

छप्पनभोगी:
पायजेब म्हणजे पायाचा खिसा ना? जेब म्हणजे खिसा. पूर्वी बायका त्यात सुट्टे पैसे ठेवत असतील, वाजायचे म्हणून.

शुद्धमती:
काहीही. फारसी शब्द आहे, 'पा' म्हणजे पाय आणि 'झेब' म्हणजे शोभा. तुमचा खिशाचा जेब वेगळा. आणि म्हणूनच म्हणते, पैंजण असताना फारसी कशाला? तो पाय आणि शिंजन, म्हणजे रुणझुण, यावरून आला असं मला वाटतं.

लष्कर_ग्वाल्हेर:
अहो ताई, 'सराफ' अरबी आहे, 'बाजार' फारसी आहे. सराफा बाजारात पायजेब मागितला तर तो काढून देतो, पैंजण म्हटलं की विचारतो 'भाभीजी पायल?' आमच्या घरी तीन पिढ्या पायजेबच म्हणतात आणि आम्ही मराठीच आहोत.

शुद्धमती:
माळव्यात राहून मराठी हिंदाळते, त्याला इलाज नाही, पण निदान रौप्यमहोत्सवी भाषण तरी.

राजवाडा_इंदूर:
भांडू नका हो. सौ.ला विचारलं (सरप्राइज गेलंच, तिनं बिल पाहिलं होतं), ती म्हणते पायजेब काय आणि पैंजण काय, स्टेजवर पायात घालायला लावू नका म्हणजे झालं. आत्या पण म्हणतात चारचौघांत नवऱ्यानं बायकोच्या पायाला हात लावायचा नाही.

महूवाले_काका:
आत्यांना आठवण करून द्या, लग्नात अश्मारोहणाला वधूचा पाय सहाणेवर कोण ठेवतं? आमच्या लग्नात तर गुरुजींनी मला अंगठा धरायला लावला होता.

माहेरवाशीण_देवास:
आमच्या पंचविशीला यांनी स्टेजवर गुडघ्यावर बसून घातले. हुक बसेना, मग पैठणीच्या काठाचे धागे कडीत अडकले, फोटोग्राफर म्हणे सर परत एकदा, शेवटी नणंदेनं येऊन सोडवलं. तेव्हा डबी उघडून हातात द्या, नाहीतर घरी आधी हुक दोनदा-तीनदा उघडून-लावून बघा. आणि ग्लास आधी घेऊ नका, एका हातानं डबी उघडत नाही. आधी दागिना, मग ग्लास.

पण मला एक कळत नाही, एवढं टोस्ट टोस्ट चाललंय, आपल्याकडे उखाणा नाही का? नवऱ्यानं नाव घ्यायचं. काकांची ती घंटी उखाण्यात आयतीच आहे, यमक जुळत आलं की सगळ्यांना कळतं आता नाव येणार आणि हॉल ओरडायच्या तयारीत असतो. फक्त नाव अगदी शेवटी आणा:

"सराफ्यातून आणली चांदी, तांबं मिसळलं जरी,
पंचवीस वर्षं टिकली कडी, जोडणारी मंजिरी!"

महूवाले_काका:
हे जमलं. 'मंजिरी'वर ग्लास वर.

शुद्धमती:
यमक ठीक, पण 'जरी' नंतर 'तरी' हवं. आणि उखाणा हा टोस्ट नव्हे. टोस्टमध्ये दुसऱ्यांना सामील करून घेतात, उखाण्यात बाकीचे नुसते ऐकतात.

लष्कर_ग्वाल्हेर:
आमच्याकडे ऐकत नाहीत, ओरडतात.

छप्पनभोगी:
खऱ्या नावाचं यमक 'री'मध्ये बसतं का पण? वहिनींचं नाव शुभांगी वगैरे असलं तर गेलं सगळं.

राजवाडा_इंदूर:
नाही बसत. नाव 'धा'नं संपतं. राधा, साधा, बाधा, एवढंच सुचतंय आणि त्यातलं एकही स्टेजवर म्हणण्यासारखं नाही. मुलाला सांगितलं तर म्हणे बाबा चिअर्स म्हणा.

बडोदेकर_मावशी:
तोपर्यंत सराफेवाल्या भाऊंना विचारते, माझ्या आजीच्या त्या तोरड्या आता काळ्याकुट्ट पडल्यात. सून म्हणते काळ्या पडल्या म्हणजे खोट्या. मोडीत द्याव्या का?

सराफ्यात_दुकान:
काळ्या पडल्या म्हणून खोट्या होत नाहीत मावशी. हवेतल्या गंधकानं चांगली चांदीसुद्धा काळी पडते, तांबं जास्त असलं की लवकर, एवढंच. मोडीत द्यायच्याच असतील तर दुकानदाराला नुसत्या नजरेनं भाव सांगू देऊ नका, आधी टंच काढायला सांगा, समोर उभं राहून. पण जुनं हातकाम असेल तर धुऊन, उजळून ठेवा. मोडीत घडणावळीचे पैसे कुणी देत नाही.

बडोदेकर_मावशी:
उजळायला कोलगेट चालेल का?