थरथर कधी होते ते बघा

"दोन्हींत हात थरथरतो, मग बिघाड मेंदूच्या बेसल गँग्लिया या भागात की सेरेबेलममध्ये, म्हणजे लहान मेंदूत, हे कसं ओळखायचं?"

सदाशिव पेठेतल्या आमच्या काकांना पार्किन्सन आहे. पेपर वाचताना मांडीवरचा उजवा हात गोळी वळल्यासारखा हलत राहतो, सेकंदाला चार-पाच वेळा. चहाचा कप उचलायला गेले की थरथर कमी होते. खरी अडचण सुरुवातीची: हात लवकर निघत नाही, निघाला तरी सावकाश. डोपामिन हे मेंदूतलं रसायन कमी पडलं की बेसल गँग्लियाचा थॅलॅमसवरचा, म्हणजे हालचालीचे संदेश पुढे पाठवणाऱ्या केंद्रावरचा, ब्रेक नीट सुटत नाही.

सेरेबेलमला इजा झाली तर नेमकं उलटं. हात मांडीवर शांत असतो, पण कपाजवळ जाताजाता कंप वाढतो, हात कप ओलांडून पुढे जातो, मागे येतो, चहा बशीत. चालू हालचालीतली चूक वेळेत सुधारली जात नाही.

आणि बाजू विसरू नका (तोंडी परीक्षेत मी इथेच आपटलो होतो). काकांचा उजवा हात, म्हणजे बिघाड मुख्यतः डाव्या बेसल गँग्लियात. सेरेबेलमच्या उजव्या अर्ध्याची इजा मात्र उजव्याच हातात दिसते, कारण तिथला मार्ग दोनदा बाजू बदलतो. थरथर नसलेला पार्किन्सनही असतो. तिथे हालचालीचा मंदपणा आणि ताठरपणा बघावा लागतो.