प्रतिसाद: गीझर अ‍ॅपला सापडत नसेल तर

> मालवणला आईकडे वायफायवाला गीझर बसवलाय. त्याचं नेटवर्क फोनला जोडलं जातं, पण अ‍ॅप म्हणतं ‘उपकरण सापडत नाही’.

बहुतेक वेळा हे मोबाइल डेटामुळे होतं. पहिल्या जोडणीसाठी गीझर स्वतःचं तात्पुरतं वायफाय नेटवर्क सुरू करतो, त्यावर इंटरनेट नसतं. फोनला ते कळलं की तो अ‍ॅपचं बोलणं गुपचूप मोबाइल डेटावरून पाठवतो आणि ते गीझरपर्यंत पोचतच नाही.

आधी इंटरनेट असतानाच अ‍ॅपमध्ये लॉगिन करून घ्या. मग मोबाइल डेटा बंद करा, गीझरचं नेटवर्क जोडा आणि ‘इंटरनेट नाही, तरी जोडलेलं ठेवायचं का?’ असं विचारलं की हो म्हणा. आयफोन असेल तर अ‍ॅपला स्थानिक नेटवर्कची परवानगीही द्या.

अ‍ॅपमधून गीझरला घरच्या वायफायचा पासवर्ड मिळाला की गीझरचं स्वतःचं नेटवर्क नाहीसं होतं. ते ठीकच आहे. मात्र थोड्या वेळाने ते पुन्हा दिसू लागलं, तर गीझरला राउटर गाठता आला नाही असं समजा. पासवर्ड तपासा, आणि घरच्या वायफायचं २.४ गिगाहर्ट्झचंच नाव निवडा. बहुतेक गीझरांना ५ गिगाहर्ट्झ चालत नाही. राउटर पडवीत आणि न्हाणीघर मागच्या बाजूला असेल, तर मधल्या चिऱ्याच्या भिंती सिग्नल बराच खातात. राउटर माजघरात आणून बघा.