मदत हवी आहे: फंडाच्या अॅपवरचे ६ टक्के खरे की ११.२१ टक्के?

प्रश्नचिन्ह
एका इक्विटी फंडात दर महिन्याच्या ५ तारखेला १०,००० ची एसआयपी आहे. पहिला हप्ता ५ जानेवारी २०२५ ला गेला, बारावा ५ डिसेंबरला. आज ५ जानेवारी २०२६. तेरावा हप्ता अजून अॅपवर चढलेला नाही. पोर्टफोलिओच्या पानावर हे दिसतंय:

गुंतवणूक: १,२०,०००
आजचं मूल्य: १,२७,२००
अनरिअलाइज्ड गेन: ७,२००
अॅब्सोल्यूट रिटर्न: ६ टक्के
अॅन्युअलाइज्ड रिटर्न: ११.२१ टक्के

वर्ष तर पूर्ण झालं. मग वार्षिक ११.२१ टक्क्यांनी १,२०,००० वर १३,४५२ रुपये व्हायला हवेत ना? सहा हजारांचा फरक कुठून आला? शिवाय हाच फोलिओ दुसऱ्या अॅपमध्ये घेतला, तर तिथे बाकी आकडे तेच, पण वार्षिक परतावा ११.८४. कुठला धरायचा?

रोखठोक
सोपं आहे. एक वर्ष झालं, नफा ६ टक्के, म्हणजे वार्षिकही ६ टक्केच. ११ चा आकडा लोकांना खूश करायला टाकतात. ७ टक्क्यांची एफडी केली असती तर जास्त मिळाले असते.

खतावणी
रोखठोक, रक्कम एकदम भरली असती तर तुमचं बरोबर होतं. १,२०,००० पहिल्याच दिवशी टाकून वर्षाने १,२७,२०० झाले असते, तर दोन्ही रकान्यांत ६ च दिसला असता. इथे वर्षभर फक्त पहिले दहा हजार राबले आहेत.

प्रश्नचिन्ह, तारखा बघा. जानेवारीचा हप्ता ३६५ दिवस गुंतलेला आहे, जुलैचा १८४ दिवस, आणि डिसेंबरचा जेमतेम ३१ दिवस. बाराही हप्त्यांची सरासरी काढली तर १९८ दिवसांच्या आसपास येते, म्हणजे साडेसहा महिने. साडेसहा महिन्यांत ६ टक्के मिळाले, तोच वेग वर्षभराचा करून सांगितला की ११.२१ च्या आसपास येतात. त्या दराने जानेवारीच्या दहा हजारांवर १,१२१ रुपये होतात आणि डिसेंबरच्या दहा हजारांवर फक्त ९१. अशा बाराही हप्त्यांची बेरीज केली की बरोबर ७,२०० येतात. तुमचे सहा हजार कुठेही गेलेले नाहीत. ते कधी झालेच नव्हते, कारण तेवढे पैसे तेवढा काळ फंडात नव्हतेच.

प्रत्यक्षात प्रत्येक हप्त्याचा नफा असा सरळ रेषेत वाढत नाही. एखाद्या महिन्याचे युनिट आज तोट्यातही असतील. सगळ्या हप्त्यांना एकच दर लावला तर आजचं मूल्य जुळावं, असा तो दर असतो, इतकंच.

आणि तुलना करायची तर एफडीशी नको, आरडीशी करा. ७ टक्क्यांच्या आरडीत हेच बारा हप्ते भरले असते तर व्याज साडेचार हजारांच्या आसपास झालं असतं.

रोखठोक
आरडीचा मुद्दा मान्य. पण आरडीचे साडेचार हजार ठरलेले असतात, हे ७,२०० उद्या ५,००० होतील.

खतावणी
होतील की. म्हणून तर त्याला अनरिअलाइज्ड म्हणतात. त्यात एक्झिट लोडही वजा केलेला नसतो. एक वर्षाच्या आत काढल्यास १ टक्का लोड असलेला फंड असेल आणि आज सगळं विकलं, तर जवळजवळ सगळेच हप्ते त्यात सापडतील आणि अकराशे-बाराशे रुपये तिथेच कापले जातील. टॅक्स वेगळा.

माडबन
माझंही असंच काहीतरी झालंय. गेल्या आठवड्यात अर्धे युनिट विकले. त्या आधी गेन ६०,००० दिसत होता, आता २०,००० दिसतोय. अर्धे विकले तर ३०,००० राहायला हवे ना? अॅब्सोल्यूट रिटर्नही ६० वरून ३३ वर आला. एनएव्ही तर ८० लाच आहे. अॅपने दहा हजार खाल्ले का?

खतावणी
तुमचा प्रश्न वेगळा आहे, पण सांगतो. युनिट कोणत्या भावाने घेतले होते?

माडबन
१,००० युनिट ४० ला, नंतर १,००० युनिट ६० ला. विकले १,०००.

खतावणी
मग बरोबर आहे. आधी घेतलेले युनिट आधी विकले जातात, त्यात तुम्हाला निवड नसते. त्यामुळे गेले ते ४० वाले. त्यांच्यावरचा ४०,००० नफा आता रिअलाइज्ड झाला, तुमच्या बँकेत आलेल्या ८०,००० मध्ये तो आहे. उरले ते ६० वाले: खरेदी ६०,०००, मूल्य ८०,०००, गेन २०,०००, म्हणजे ३३.३३ टक्के. स्वस्तातला माल आधी गेला म्हणून उरलेल्या मालाचा टक्का खाली दिसतो. ४०,००० आणि २०,००० मिळून तुमचे ६०,००० पूर्ण होतात. रिअलाइज्ड गेनचा रकाना बऱ्याच अॅपवर पहिल्या पानावर नसतो, फंडाच्या नावावर टिचकी मारून आत जावं लागतं.

आता वार्षिक परताव्याचं. काही अॅप विकलेल्या युनिटचे व्यवहारही त्यात धरतात, काही फक्त हातात असलेल्यांचे. त्यामुळे विक्रीनंतर तो आकडा दोन अॅपवर वेगळा दिसू शकतो.

प्रश्नचिन्ह
पण मी तर एकही युनिट विकलेलं नाही. मग ११.२१ आणि ११.८४?

खतावणी
तारखांचा घोळ असावा. २०२५ मध्ये जानेवारी आणि ऑक्टोबरची ५ तारीख रविवारी होती, एप्रिल आणि जुलैची शनिवारी. त्या महिन्यांत युनिट पुढच्या कामाच्या दिवशीच मिळाले असणार. बाकीच्या महिन्यांतही पैसे फंडाकडे पोचल्यावरचीच एनएव्ही लागते. एक अॅप ५ तारीख धरत असेल, दुसरं युनिट मिळाल्याची. दुसरं म्हणजे आज सोमवार, सकाळी दिसणारी एनएव्ही शुक्रवारची, २ जानेवारीची आहे. हिशेब आजपर्यंत केला की शुक्रवारपर्यंत, यानेही फरक पडतो.

स्वतः करून बघा. स्प्रेडशीटच्या पहिल्या स्तंभात दुसऱ्या ओळीपासून बारा तारखा, दुसऱ्यात प्रत्येकी उणे १०,०००. चौदाव्या ओळीत आजची तारीख आणि अधिक १,२७,२००. तो एकच दर काढणारं सूत्र हे:

```
=XIRR(B2:B14, A2:A14)
```

सगळीकडे ५ तारीख टाकलीत तर ११.२१ येईल. उणे चिन्ह विसरलात तर `#NUM!` येतं. तारीख मजकूर म्हणून पडली असेल तर `#VALUE!` येतं, कॉपी-पेस्ट करताना हे हमखास होतं. मग स्टेटमेंटमधल्या खऱ्या तारखा टाकून पुन्हा बघा.

बारकावे
स्टेटमेंट काढाल तेव्हा प्रत्येक हप्ता ९,९९९.५० दिसेल, दचकू नका. जुलै २०२० पासून खरेदीवर ०.००५ टक्के स्टॅम्प ड्यूटी आहे, दहा हजारांवर पन्नास पैसे. बारा हप्त्यांचे सहा रुपये. म्हणून एखादं अॅप गुंतवणूक १,१९,९९४ दाखवतं. टक्क्यांत फरक नगण्य.

प्रश्नचिन्ह
केलं. सगळीकडे ५ तारीख टाकून ११.२१ च आले. स्टेटमेंटच्या तारखा आणि शेवटी २ जानेवारी धरली तर साडेअकराच्या जवळ जातंय. ११.८४ काही येत नाही.

खतावणी
साडेअकरापर्यंत तारखांनी समजतं, पुढचं नाही. दुसऱ्या अॅपमध्ये व्यवहारांची यादी उघडून बाराच्या बारा हप्ते त्यांच्या तारखांसह आले आहेत का, ते एकेक ताडून बघा. बाहेरून फोलिओ आयात करताना एखाद्या हप्त्याची तारीख पुढे सरकली असेल, तर गुंतवणूक आणि मूल्य जुळतं, पण हा आकडा फुगतो.

प्रश्नचिन्ह
त्या अॅपवर यादी फक्त शेवटच्या सहा महिन्यांची दिसते. ती पूर्ण बरोबर आहे. आधीचे सहा हप्ते कसे बघायचे, कुणाला माहीत आहे का?